धागा: स्टोअरमधल्या माणसाला अनुभवाचा दाखला द्यायचा आहे, पण त्यात काय लिहू आणि काय नको?

अंबडचा_शॉप
नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. मी आणि माझा मोठा भाऊ भागीदार, कामगार आणि ऑफिस धरून 23 माणसं. एका जुन्या माणसाचा अनुभवाचा दाखला द्यायचाय आणि तीन आठवडे तो माझ्या टेबलावर अडकलाय.

हा माणूस ऑगस्ट 2018 मध्ये लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत आला. 1 एप्रिल 2019 ला आम्ही त्याला स्वतःच्या मस्टरवर घेतलं, पद स्टोअर असिस्टंट. 1 जुलै 2021 च्या पगारवाढीच्या पत्रात स्टोअर कीपर झालं. 2 डिसेंबर 2024 ला त्याने राजीनामा दिला, नोटीस तीस दिवसांची. 20 तारखेपर्यंत आला, मग आलाच नाही. त्याच महिन्यात आम्ही साठा मोजला, तर कार्बाइड इन्सर्टच्या डब्या कमी निघाल्या. साधारण 1 लाख 84 हजारांचा माल. इन्सर्ट नखाएवढे असतात आणि महाग, ज्याला माहीत आहे त्याला समजेल. स्टोअरची दुसरी किल्ली हेल्परकडे होती. आम्ही कुणाला लेखी विचारलं नाही, चौकशी केली नाही.

आता त्याला चाकणला नोकरी लागली आहे आणि ती कंपनी दाखला मागते. भाऊ म्हणतो, "याच्या काळात साठ्यात तूट आढळली" एवढं तरी लिहायचंच, नाहीतर आपण दुसऱ्याला फसवतोय. ऑफिसातला क्लार्क म्हणतो, नेहमीचा मजकूर आहे तोच द्या: "कामात मेहनती व प्रामाणिक, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा." त्या माणसाला स्वतःला "स्टोअर इन्चार्ज, 2018 पासून" असं हवंय. तिन्ही मला पटत नाहीत. काय लिहू?

गोदाकाठ
एवढा विचार कसला? दाखला त्याच्याच हातात देणार ना? मग बदनामी होतच नाही. तिसऱ्या माणसाला कळलं तर बदनामी. तो स्वतः नेऊन दाखवेल तर ती त्याची जबाबदारी. बिनधास्त खरं लिहा.

मेघमल्हार
आमच्याकडे उलटंच झालं. मला आठ महिने दाखलाच दिला नाही. फुल अँड फायनल झालं, लॅपटॉप परत केला, तरी "साहेब बाहेर आहेत". दुसरी नोकरी हातातून गेली. तुम्ही तीन आठवडे अडवून बसलात म्हणजे त्याचं काय होत असेल याचा विचार करा. आधी कागद द्या, मग चर्चा करा.

अंबडचा_शॉप
@मेघमल्हार, अडवायचा हेतू नाही. चुकीचं लिहायचं नाही म्हणून थांबलोय. पण तुमचं बरोबर आहे, या आठवड्यात देतो.

पंचवीस_वर्षं_मस्टर
मी पुणे आणि औरंगाबादच्या कारखान्यांत पर्सोनेलचं काम केलं, हजारभर दाखले माझ्या सहीने गेले असतील. तिघांचेही मजकूर नको, हे तुमचं अगदी बरोबर आहे.

दाखला लिहिताना मी एकच गोष्ट बघायचो: या ओळीचा कागद माझ्या फायलीत आहे का? हजेरी, नेमणूक पत्र, पगारवाढीचं पत्र, पीएफची नोंद, राजीनामा. कागद असेल तर ओळ ठेवायची, नसेल तर काढायची. भावाच्या "तूट आढळली" ला आधार म्हणून साठामोजणीचा कागद आहे, पण त्या कागदावर या माणसाचं नाव नाही. ते नाव दाखल्यात तुम्ही जोडणार. आणि क्लार्कच्या "प्रामाणिक" ला तर कुठलाच कागद नाही.

"प्रामाणिक" ला लोक घाबरत नाहीत, पण मी त्यालाच जास्त घाबरतो. समजा दोन महिन्यांनी तुम्हाला कळलं की माल खरंच यानेच नेला, आणि तुम्ही पोलिसांत गेलात. त्याचा वकील तुमच्याच लेटरहेडवरचा कागद पुढे ठेवेल. तूट डिसेंबरात निघाली, दाखला त्यानंतरचा, आणि त्यावर मालकाची सही: प्रामाणिक, वर्तणूक चांगली. मग तक्रार खोटी वाटते की दाखला खोटा, एवढंच उरतं. शिवाय चाकणवाल्यांनी तुमच्या शब्दावर त्याला स्टोअर दिलं आणि तिथे काही झालं, तर ते तुम्हालाच विचारणार, तुम्हाला माहीत असून हे का लिहिलंत?

कोर्टाची_पायरी
वकील आहे, म्हणून @गोदाकाठ यांच्या मुद्द्याचं आधी बोलतो. ते अर्धं बरोबर आहेत. बदनामीला मजकूर तिसऱ्यापर्यंत जावा लागतो, हे खरं. पण दाखला टाइप कोण करतं? स्थळप्रत कोणाच्या फायलीत जाते? पडताळणीला मेल आली की तीच प्रत कोण पाठवतं? आणि दाखला हा दुसऱ्याला दाखवण्यासाठीच मागितला जातो, हे देणाऱ्याला सही करतानाच माहीत असतं. "त्याने स्वतः दाखवला" हा बचाव कोर्टात मांडता येतो, पण मी त्याच्या भरवशावर कुणाला सही करू देणार नाही.

1 जुलै 2024 पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, आधी भारतीय दंड विधानाचं 499 आणि 500 होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा. अपवाद पूर्वीचेच. त्यातला एक मालकाच्या कामाचा: आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. पण सद्भावना म्हणजे "माझ्या मनात वाईट नव्हतं" एवढंच नाही. योग्य ती काळजी घेतली होती का, हे बघतात. तुमच्याकडे दोन किल्ल्या, चौकशी शून्य, त्याचं म्हणणंही घेतलेलं नाही. आणि अपवादात बसतो हे दाखवायचा भार तुमच्यावर. तुमची बाजू इथे फार कमकुवत आहे. दिवाणी भरपाईचा दावा वेगळा, त्याला लेखी बदनामीसाठी एक वर्षाची मुदत.

अंबडचा_शॉप
एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. चाकणच्या कंपनीतून मागच्या आठवड्यात फोन आला होता, भावाने घेतला. त्यांनी विचारलं, पुन्हा घ्याल का? भाऊ म्हणाला, "घेणार नाही, हिशोबावर लक्ष ठेवा." एवढंच. मला काल कळलं.

कोर्टाची_पायरी
आता माझ्या मते धोका कागदापेक्षा तिथे जास्त आहे. कागदावर लोक जपून लिहितात, फोनवर मन मोकळं करतात.

त्यांना पुन्हा फोन करून "तसं म्हणायचं नव्हतं" वगैरे सांगत बसू नका, त्याने बोलणं वाढतं. भावाला आजच बसवून, नक्की काय विचारलं, काय उत्तर दिलं, कधी, ते तुमच्यापुरतं लिहून ठेवा. आणि ऑफिसच्या मेलवरून त्या कंपनीला कळवा की पडताळणी आम्ही फक्त लेखी देतो, नोंदींप्रमाणे पद आणि कालावधी असा आहे. यापुढे असा फोन आला तर एकच माणूस, एकच उत्तर: मेल करा. त्यांच्या फॉर्मवर "पुन्हा घ्याल का", "सचोटीबद्दल शंका" असे रकाने असतात. ते कुणासाठीच भरू नका. एकासाठी "हो" लिहिलंत की दुसऱ्यासाठी रिकामा सोडलेला रकाना बोलायला लागतो.

श्टुटगार्टहून
रिकाम्या रकान्याबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. मी जर्मनीत आहे. इथे दोन प्रकारचे दाखले असतात. साध्या दाखल्यात फक्त कामाचं स्वरूप आणि काळ. दुसऱ्यात कामगिरी आणि वागणूकही येते, आणि तो कामगाराला मागता येतो. कायदा म्हणतो की दाखल्यात छुपे अर्थ ठेवायचे नाहीत, तरी शब्दांची उतरंड सगळ्यांना पाठ आहे. "नेहमीच पूर्णपेक्षा पूर्ण समाधान" अशा थाटाचं वाक्य म्हणजे उत्तम, नुसतं "आमचं समाधान होईल असं" म्हणजे जेमतेम, आणि "त्यांनी प्रयत्न केला" म्हणजे नापास. कॅशिअरच्या दाखल्यात प्रामाणिकपणाचा उल्लेखच नसेल, तर पुढचा मालक त्यातून जे समजायचं ते समजतो. न लिहिलेला शब्दसुद्धा इथे वाचला जातो.

अंबडचा_शॉप
बाप रे. म्हणजे "वर्तणूक चांगली" काढलं तर तेही बोलणंच झालं? आमच्याकडून आधी सहा जणांना दाखले गेलेत, सगळ्यांत ती ओळ आहे.

पंचवीस_वर्षं_मस्टर
हो, म्हणूनच साचा सगळ्यांना एकच लागतो. गेलेले सहा परत आणता येणार नाहीत. भागीदारांच्या सह्यांची एक पानाची ऑफिस ऑर्डर काढा, तारीख घाला: यापुढे दाखल्यात फक्त पद, कालावधी, कामाचं स्वरूप. मग दाखल्यातच शेवटी एक ओळ घाला की कामगिरी किंवा वर्तणुकीबद्दल अभिप्राय आम्ही कोणत्याच दाखल्यात देत नाही. त्याने न लिहिण्याचं कारण वाचणाऱ्याला कळतं. पण ती ओळ खरी हवी. उद्या मेहुण्याला "अत्यंत कर्तबगार" लिहून दिलंत तर संपलं.

रेवती_क
पण नियम नेमका याच्यापासून सुरू झाला, तर तो याच्यासाठीच केला असं नाही दिसणार? मी त्या जागी असते तर मला तसंच वाटलं असतं.

पंचवीस_वर्षं_मस्टर
वाटेल. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आणखी कुणाचे दाखले बाकी असतील तर त्याच आठवड्यात त्याच साच्यात द्या, एवढं करता येतं.

टोरांटो_मराठी
इतका कोरडा दाखला देऊ नका हो. कॅनडाच्या पीआरसाठी मला लेटरहेडवर कामांची यादी, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, भत्ते, सगळं लागलं. माझ्या जुन्या कंपनीने फक्त पद आणि तारखा दिल्या, मला चार खेपा माराव्या लागल्या. फक्त पद लिहिलंत तर त्या बिचाऱ्याचं नुकसान आहे.

पंचवीस_वर्षं_मस्टर
तो चाकणला चाललाय, कॅनडाला नाही. पण मुद्दा रास्त आहे. तास आणि पगार हे अभिप्राय नाहीत, नोंदी आहेत. कुणी मागितले तर वेगळ्या पत्रात जरूर द्यावेत. कामांची यादीही द्यावी, फक्त क्रियापद जपून वापरावं. "साठ्याची चोख व्यवस्था ठेवली" हा शेरा झाला. "साठ्याच्या नोंदी ठेवण्याचं काम यांच्याकडे होतं" ही नोंद झाली. दुसऱ्यात काम कसं केलं हे नाही, काय सोपवलं होतं एवढंच आहे, आणि ते तुमच्या पत्रात लिहिलेलं असतं.

पदाचंही तसंच. "इन्चार्ज" कुठल्या पत्रात आहे का?

अंबडचा_शॉप
पत्रात नाही. तोंडी सगळे इन्चार्जच म्हणायचे, आणि त्याच्या मेलखाली "स्टोअर इन्चार्ज" असायचं. आम्ही कधी हटकलं नाही.

पंचवीस_वर्षं_मस्टर
मग स्टोअर कीपर. मेलखाली त्याने काय लिहिलं त्यावर तुमची सही नाही. त्याला नीट सांगा की पद पत्राप्रमाणे आहे, पण कामं पूर्ण लिहून देतोय. बहुतेक माणसांना तेवढं पुरतं.

आता तारखा. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन. पीएफला सोडल्याची तारीख काय टाकली आहे? आणि चाकणला तो कधी रुजू झाला?

अंबडचा_शॉप
आत्ता बघितलं. पीएफला क्लार्कने 31 डिसेंबर टाकली आहे, कारण नोटीस 31 ला संपत होती. तो चाकणला 26 डिसेंबरला रुजू झाला असं म्हणतो.

पंचवीस_वर्षं_मस्टर
बघा, हाच फास. त्याच्या यूएएनवर तुमची नोकरी 31 पर्यंत आणि तिकडची 26 पासून दिसणार. पडताळणी करणाऱ्यांना हे सहा दिवस दोन ठिकाणी नोकरी असे दिसतात. दाखल्यात एकही वाईट शब्द न लिहिता तुम्ही माणसाला खोटं पाडलं असतं.

फुल अँड फायनलमध्ये नोटीस पगार कापला का?

अंबडचा_शॉप
हो. 21 ते 31, अकरा दिवसांचा कापला. हिशोबावर त्याची सही आहे. ग्रॅच्युइटीही दिली आहे.

पंचवीस_वर्षं_मस्टर
मग न केलेल्या नोटिशीचे पैसे घेऊन तुम्ही त्याला 20 ला सोडलंत, तुमचाच हिशोब तसं सांगतो. दाखल्यात 20 डिसेंबर 2024. आणि पीएफची तारीख दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन भरा, त्यात त्याचाही सहभाग लागतो. दाखला देण्याआधी हे सुरू करा, म्हणजे दोन कागद दोन तारखा बोलणार नाहीत.

रेवती_क
आणि 2018 चे आठ महिने? तो तुमच्याच स्टोअरमध्ये उभा होता ना?

गोदाकाठ
हो, ते लिहून टाकायला काय जातं? अनुभव तर झालाच की.

कोर्टाची_पायरी
जातं. तेव्हा तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस होता, पीएफ कॉन्ट्रॅक्टरच्या कोडवर. "2018 पासून आमच्याकडे नोकरीस" असं तुमच्या सहीने गेलं, की कॉन्ट्रॅक्टर नावापुरता होता आणि खरे मालक तुम्हीच होता, असं म्हणायला तुम्हीच कागद दिलात. त्याच्यापुरतं सोडा, त्या कॉन्ट्रॅक्टरकडून आलेले बाकीचे लोकही तो कागद दाखवतील. तेवढ्या काळाचा दाखला कॉन्ट्रॅक्टरने द्यायचा.

रेवती_क
कायद्याने बरोबर असेल. पण कॉन्ट्रॅक्टर सापडणार कुठे? माझ्या नवऱ्याची अशी दोन वर्षं हवेत गेली आहेत. काम केलं ते खरं, आणि कागदावर ते कुणाचंच नाही.

कोर्टाची_पायरी
तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कॉन्ट्रॅक्टर गायब असेल तर निदान यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत तो काळ आणि आस्थापनेचं नाव दिसतं, ते छापून जोडता येतं. पीएफ भरलाच नसेल तर मात्र अवघड आहे.

अंबडचा_शॉप
आमचा कॉन्ट्रॅक्टर सातपूरलाच आहे. मी स्वतः त्याच्याकडून पत्र घेऊन देतो. तेवढं मला केलंच पाहिजे असं वाटतं.

मसुदा असा केलाय, बघा:

"श्री. ____ हे आमच्या आस्थापनेत दि. 1 एप्रिल 2019 ते दि. 20 डिसेंबर 2024 या कालावधीत नोकरीस होते. दि. 30 जून 2021 पर्यंत त्यांचे पद स्टोअर असिस्टंट व दि. 1 जुलै 2021 पासून स्टोअर कीपर असे होते. मालाची आवक-जावक नोंदणे, टूल इश्यू रजिस्टर ठेवणे व साठामोजणीस सहाय्य करणे ही कामे त्यांच्याकडे सोपवलेली होती. त्यांनी दि. 2 डिसेंबर 2024 च्या पत्राने राजीनामा दिला व आमच्या दि. 7 जानेवारी 2025 च्या पत्रान्वये त्यांचा हिशोब पूर्ण करण्यात आला. हा दाखला आस्थापनेच्या नोंदींवरून त्यांच्या विनंतीनुसार दिला आहे. आमच्या कोणत्याही दाखल्यात कामगिरी अथवा वर्तणुकीबाबत अभिप्राय दिला जात नाही."

कोर्टाची_पायरी
7 जानेवारीच्या पत्रात काय आहे?

अंबडचा_शॉप
हिशोबाचं पत्र. त्यात खाली भावाने एक ओळ घातली होती, "स्टोअरमधील तुटीबाबतचे आमचे हक्क राखून".

कोर्टाची_पायरी
मग त्याचा उल्लेख काढाच. सरकारी संस्थांतल्या परिवीक्षाधीन लोकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये दीप्ती प्रकाश बॅनर्जी प्रकरणात सांगितलंय की कलंक आदेशातच असायला हवा असं नाही, आदेशात उल्लेखलेल्या दुसऱ्या कागदात असला तरी तो कलंकच. कारण पुढचा मालक तो कागद मागणार. तो निकाल खाजगी युनिटला जसाच्या तसा लागू नाही, पण चाकणचा एचआर नेमकं तेच करेल: "7 जानेवारीचं पत्र दाखवा." दाखल्याने दुसऱ्या पत्राकडे बोट दाखवू नये.

राजीनाम्याचा उल्लेखही मी काढेन. खरा आहे, त्याच्या फायद्याचाही आहे. पण यापुढे कुणाला तुम्ही काढून टाकलंत, तर त्याच्या दाखल्यात ती ओळ नसेल आणि सगळे ओळखतील.

पंचवीस_वर्षं_मस्टर
राजीनाम्याबद्दल मी असहमत आहे. पुढच्या मालकाला सोडल्याचं कारण लागतंच, आणि राजीनामा स्वीकारल्याचं पत्र वेगळं द्यायचं तर ते लगेच द्या. ते पत्र नसेल तर दाखल्यातली ओळ काढून तुम्ही त्याची अडचण करताय.

कोर्टाची_पायरी
वेगळं रिलिव्हिंग पत्र द्यायचं असेल तर माझी हरकत नाही. दाखल्यात नको एवढंच.

रेवती_क
आणि इन्सर्टचं काय? ते असंच सोडणार?

अंबडचा_शॉप
भावाशी काल रात्री बोलणं झालं. त्याला अजून वाटतं की आपण चाकणवाल्यांपासून लपवतोय. मी म्हटलं, कुणी नेलं हे आपल्यालाच माहीत नाही, तर सांगणार काय? त्याचं समाधान झालेलं नाही. हेल्परला आणि याला, दोघांनाही लेखी विचारायचं ठरवलंय, उशिरा का होईना. पण त्याचा आणि दाखल्याचा संबंध ठेवणार नाही.

हिशोबाच्या पत्राची आणि राजीनाम्याची ओळ काढली. रिलिव्हिंग पत्र वेगळं करतोय. पीएफची दुरुस्ती आज क्लार्कने सुरू केली, त्याला ऑफिसला बोलावलंय. दाखला शुक्रवारी देतो.

मेघमल्हार
जावक क्रमांक टाका, आणि दोन मूळ प्रती द्या. एक कंपनीत जमा होते आणि परत मिळत नाही.

अंबडचा_शॉप
देतो.